दोन विक्रेते, एक आधी आणि एक नंतर : स्टाकेलबर्गचे गणित शेवटाकडून सोडवताना

फ्रेंच गणितज्ञ आंत्वान ओग्युस्तँ कूर्नो यांनी १८३८ मध्ये एक साधे उदाहरण मांडले. खनिज पाण्याचे दोन झरे आहेत, दोन्हींचे पाणी गुणाने अगदी सारखे आहे, पाणी काढण्याचा खर्च शून्य धरला आहे आणि झऱ्यांचे मालक दोन वेगळे असून ते एकाच बाजारात माल विकतात. मालक किंमत ठरवत नाहीत. ते फक्त किती पाणी बाजारात आणायचे हे ठरवतात, आणि दोघांचे मिळून जेवढे पाणी येईल तेवढे खपेल अशी किंमत बाजारात आपोआप पडते. पुढे १९३४ मध्ये हाइनरिक फॉन स्टाकेलबर्ग यांनी विचारले की या दोघांपैकी एकाने दुसऱ्याची प्रतिक्रिया गृहीत धरूनच आपले प्रमाण ठरवले तर काय होईल. आज आपण तोच प्रश्न क्रमाच्या भाषेत मांडतो: पहिला मालक आपला आकडा आधी जाहीर करून त्याला बांधला जातो, दुसरा तो आकडा पाहतो आणि मग आपला ठरवतो. पहिल्याला अग्रणी आणि दुसऱ्याला अनुगामी म्हणू. वर्गात बहुतेक जण लीडर आणि फॉलोअर असेच म्हणतात.

हा लेख बाजारात दोनच विक्रेते असण्याच्या, म्हणजे द्वयाधिकाराच्या, या दोन रूपांविषयी आहे. कलनशास्त्र येत नसले तरी चालेल. एवढेच लक्षात असू द्यावे की दोन संख्यांची बेरीज ठरलेली असेल, तर त्या दोन्ही सारख्या असताना त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा असतो. बेरीज १० असेल तर ५ गुणिले ५ म्हणजे २५ येतात, तर ४ गुणिले ६ म्हणजे २४ आणि ३ गुणिले ७ म्हणजे २१. संपूर्ण उदाहरण या एका गोष्टीवर सुटते.

मांडणी

आकडे सोयीसाठी आपणच घेऊ. दिवसाला पहिला मालक q1 पेट्या आणि दुसरा q2 पेट्या बाजारात आणतो, आणि एका पेटीची किंमत फ्रँकमध्ये अशी पडते:

```
p = 120 - q1 - q2
```

म्हणजे बाजारात एक पेटी जास्त आली की प्रत्येक पेटीची किंमत एक फ्रँकने उतरते, आणि १२० पेट्या आल्या तर पाणी फुकट जाते. खर्च शून्य असल्यामुळे नफा म्हणजे स्वतःच्या पेट्या गुणिले किंमत. एकटाच विक्रेता असता तर त्याने q गुणिले (120 - q) हा गुणाकार सर्वांत मोठा केला असता. या दोन संख्यांची बेरीज १२० आहे, म्हणून उत्तर ६० पेट्या, किंमत ६० फ्रँक आणि नफा ३६०० फ्रँक. हा मक्तेदारीचा आकडा बाजूला लिहून ठेवावा, कारण तो पुढे दोनदा लागणार आहे.

पहिली पायरी : शेवटी खेळणाऱ्यापासून सुरुवात

बॅकवर्ड इंडक्शन, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे विचार करत येणे, याचा अर्थ इतकाच की ज्याच्यानंतर कोणीही खेळणार नाही त्याचा प्रश्न आधी सोडवायचा, कारण त्याला कोणाचाही अंदाज बांधावा लागत नाही. आपल्या उदाहरणात तो दुसरा मालक आहे. त्याच्यासमोर q1 हा आकडा आता बदलू न शकणारी वस्तुस्थिती म्हणून उभा आहे. त्याचा नफा असा:

```
q2 × (120 - q1 - q2)
```

गुणल्या जाणाऱ्या दोन्ही संख्यांची बेरीज 120 - q1 आहे, आणि दुसऱ्याच्या दृष्टीने ती ठरलेली आहे. म्हणून गुणाकार सर्वांत मोठा तेव्हा, जेव्हा q2 या बेरजेच्या निम्मा असेल:

```
q2 = 60 - q1/2
```

याला दुसऱ्याचे प्रतिक्रिया फलन म्हणतात. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण नवशिके याच ठिकाणी घाई करतात. दुसऱ्याचे उत्तर म्हणून आपल्याला एखादा आकडा मिळालेला नाही. पहिल्याने काय केले तर दुसरा काय करील याची पूर्ण यादीच मिळाली आहे. पहिल्याने शून्य पेट्या आणल्या तर दुसरा ६० आणील, ४० आणल्या तर ४०, ६० आणल्या तर ३०. या यादीतला नियम असा की पहिल्याची प्रत्येक जादा पेटी दुसऱ्याची अर्धी पेटी बाजारातून मागे सारते. अग्रणीला मिळणारा सगळा फायदा या अर्ध्या पेटीतून येतो.

दुसरी पायरी : दोघे एकाच वेळी ठरवतात तेव्हा

तुलनेसाठी कूर्नोचा खेळ आधी सोडवून घेऊ. दोघांनाही दुसऱ्याचा आकडा दिसत नाही. आकडेमोड दोन्ही बाजूंनी सारखीच आहे, म्हणून पहिल्याचे प्रतिक्रिया फलनही q1 = 60 - q2/2 असेच येते. समतोल तिथे असतो जिथे प्रत्येकाचा आकडा समोरच्याच्या आकड्याला दिलेले सर्वोत्तम उत्तर असतो, म्हणजे दोन्ही समीकरणे एकाच वेळी खरी ठरतात. दोघे सारखे असल्याने q = 60 - q/2, यावरून q म्हणजे ४०. एकूण ८० पेट्या, किंमत ४० फ्रँक, प्रत्येकी नफा १६०० फ्रँक.

‘एकाच वेळी’ या शब्दांचा घड्याळाशी फारसा संबंध नाही. पहिल्याने सोमवारी आपला आकडा बंद पाकिटात टाकला आणि दुसऱ्याने बुधवारी, पण पाकीट उघडलेले नव्हते, तर तो खेळ कूर्नोचाच आहे. उलट, पाच मिनिटांच्या अंतराने का होईना, दुसऱ्याने पहिल्याचा आकडा पाहिला असेल आणि तो आता बदलणार नाही हे त्याला ठाऊक असेल, तर खेळ स्टाकेलबर्गचा होतो. परीक्षेतल्या प्रश्नात ‘पाहून’, ‘कळल्यावर’ किंवा ‘जाहीर केल्यावर’ असे शब्द शोधावेत. नुसत्या तारखांवरून निष्कर्ष काढू नये.

तिसरी पायरी : अग्रणीच्या नफ्यात आकडा नव्हे, फलन ठेवायचे

आता क्रम असलेल्या खेळात पहिल्याकडे येऊ. त्याचा नफा q1 × (120 - q1 - q2) आहे. कूर्नोच्या खेळात त्याने q2 स्थिर धरला होता. येथे तसे धरणे चुकीचे आहे, कारण आपण q1 बदलला की q2 बदलतो हे त्याला ठाऊक आहे. म्हणून q2 च्या जागी 60 - q1/2 ही पूर्ण राशी ठेवायची, आणि हे काम सर्वांत मोठा नफा शोधण्याच्या आधी करायचे:

```
q1 × (120 - q1 - 60 + q1/2)
= q1 × (60 - q1/2)
= 1/2 × q1 × (120 - q1)
```

शेवटच्या ओळीतील दोन संख्यांची बेरीज पुन्हा १२० आहे. म्हणून q1 = 60. दुसऱ्याच्या यादीत ६० शोधला की q2 = 30 मिळतो. एकूण ९० पेट्या, किंमत ३० फ्रँक, अग्रणीचा नफा १८०० आणि अनुगामीचा ९०० फ्रँक.

ही शेवटची ओळ मक्तेदाराच्या नफ्याच्या बरोबर निम्मी आहे, हे पाहून मला पहिल्यांदा गंमत वाटली होती: अग्रणी मक्तेदाराइतक्याच ६० पेट्या आणतो आणि ३६०० च्या निम्मे म्हणजे १८०० फ्रँक मिळवतो. मात्र हा योगायोग सरळ रेषेतील मागणी आणि सारखा, स्थिर सीमांत खर्च यांच्यापुरताच आहे. मागणीची रेषा वाकडी असेल किंवा खर्च वेगवेगळे असतील तर तो टिकत नाही, म्हणून ‘अग्रणी नेहमी मक्तेदाराइतके उत्पादन करतो’ असे पाठ करून ठेवू नये.

उत्तरपत्रिका तपासताना दिसणारी सर्वांत नेहमीची चूक याच पायरीवरची असते. विद्यार्थी आधी q2 स्थिर धरून पहिल्याचे प्रतिक्रिया फलन काढतो आणि मग त्यात q2 ची राशी ठेवतो. तसे केले की उत्तर ४० आणि ४० येते. तेव्हा अग्रणी आणि अनुगामी यांचे आकडे सारखे आले आणि दोघांचे खर्चही सारखे असले, तर आपण नकळत कूर्नोचा खेळ पुन्हा सोडवला आहे असे समजून मागे जावे.

४० वरून ४१ वर गेल्यास काय होते

समीकरणाने उत्तर दिले तरी ते पटण्यासाठी एकच पेटी हलवून पाहावी. समजा दोघे ४०-४० वर आहेत आणि पहिल्याने ४१ वी पेटी आणायचे ठरवले.

कूर्नोच्या खेळात दुसरा ४० वरच राहतो, कारण त्याला ही हालचाल दिसत नाही. एकूण ८१ पेट्या होतात, किंमत ३९ फ्रँक पडते आणि पहिल्याला ४१ गुणिले ३९ म्हणजे १५९९ फ्रँक मिळतात. एक फ्रँक कमी झाला, म्हणजे ४१ वी पेटी आणणे फायद्याचे नव्हते.

स्टाकेलबर्गच्या खेळात दुसरा ४१ हा आकडा पाहून ३९.५ वर येतो. एकूण ८०.५ पेट्या होतात, किंमत ३९.५ फ्रँक राहते आणि पहिल्याला ४१ गुणिले ३९.५ म्हणजे १६१९.५ फ्रँक मिळतात. तीच पेटी आता साडेएकोणीस फ्रँक वाढवून देते, कारण किमतीतली अर्धी घसरण दुसऱ्याने माघार घेऊन सोसली.

ही वाढ कुठवर चालते ते पुढील आकड्यांत दिसते. दुसऱ्या रकान्यात अनुगामीचे उत्तर त्याच्या यादीतूनच घेतले आहे.

| अग्रणीच्या पेट्या | अनुगामीच्या पेट्या | किंमत | अग्रणीचा नफा | अनुगामीचा नफा |
|---|---|---|---|---|
| ४० | ४० | ४० | १६०० | १६०० |
| ५० | ३५ | ३५ | १७५० | १२२५ |
| ६० | ३० | ३० | १८०० | ९०० |
| ७० | २५ | २५ | १७५० | ६२५ |

अग्रणीचे २०० फ्रँक वाढले, पण अनुगामीचे ७०० गेले. दोघांचा मिळून नफा ३२०० वरून २७०० वर आला. मधले ५०० कोणी खिशात घातले, असे विचारले तर उत्तर ग्राहक असे आहे: त्यांना ८० ऐवजी ९० पेट्या मिळतात आणि त्याही प्रत्येकी दहा फ्रँक स्वस्त. अग्रणी बलवान झाला म्हणजे भाव चढतील, अशी जी सहज समजूत होते ती या गणितात खोटी ठरते.

अनुगामीने धमकी दिली तर

चौकस वाचक येथे विचारतो की अनुगामी इतका मुकाट्याने ९०० वर का येतो. त्याने आधीच सांगून टाकावे: ‘तुम्ही कितीही पेट्या आणा, मी ४० च आणणार.’ अग्रणीने हे खरे मानले तर त्याला ४० हेच सर्वोत्तम उत्तर उरते, आणि दोघे पुन्हा १६०० वर येतात. एवढेच नव्हे, तर ‘अग्रणी ४०, अनुगामी काहीही झाले तरी ४०’ ही जोडी नॅशच्या अर्थाने समतोलही आहे, कारण दुसऱ्याचे धोरण ठरलेले धरले तर कोणालाही एकट्याने बदल करून काही मिळत नाही.

ही धमकी पोकळ आहे हे शेवटाकडून पाहिल्याशिवाय कळत नाही. समजा अग्रणीने दुर्लक्ष करून ६० पेट्या बाजारात आणल्याच. आता अनुगामी शब्द पाळून ४० आणील तर किंमत २० फ्रँक पडेल आणि त्याला ८०० मिळतील. शब्द मोडून ३० आणील तर ९०० मिळतील. बोलणे झाले ते झाले, पण त्या क्षणी स्वतःचे शंभर फ्रँक जाळण्याचे त्याला कारण नाही, आणि अग्रणीला हे आधीच माहीत आहे. राइनहार्ट झेल्टेन यांनी १९६५ मध्ये मांडलेली उपखेळ-परिपूर्ण समतोलाची कल्पना नेमकी हीच चाळणी लावते: धोरण खेळाच्या प्रत्येक टप्प्यापासून पुढे पाहिले तरी फायद्याचे ठरले पाहिजे, मग तो टप्पा प्रत्यक्षात येवो वा न येवो. म्हणूनच क्रम असलेल्या खेळाचे उत्तर लिहिताना ‘६० आणि ३०’ एवढे लिहिणे अपुरे आहे. अनुगामीचे धोरण म्हणून पूर्ण राशी, 60 - q1/2, लिहावी लागते.

अग्रणीला ६० पेट्यांचा पश्चात्ताप होतो

आणखी एक पडताळा करून पाहण्यासारखा आहे. अनुगामीने ३० पेट्या ठरवल्यानंतर अग्रणीला आपला आकडा गुपचूप बदलता आला असता तर त्याने काय केले असते? ३० ला सर्वोत्तम उत्तर 60 - 30/2 म्हणजे ४५ आहे. तेव्हा किंमत ४५ फ्रँक पडून त्याला २०२५ फ्रँक मिळाले असते, म्हणजे १८०० पेक्षा बरेच जास्त. याचा अर्थ स्टाकेलबर्गच्या उत्तरात अग्रणी स्वतःच्या प्रतिक्रिया रेषेवर नसतो; अनुगामी मात्र असतो. आलेख काढताना याचा उपयोग होतो: ६० आणि ३० हा बिंदू फक्त एका रेषेवर पडायला हवा, आणि दोन्ही रेषा जिथे छेदतात तो बिंदू कूर्नोचा.

आकडा मागे घेता येतो असे अनुगामीला कळले, तर तो ६० वर विश्वास ठेवणार नाही. तो समजेल की हे ४५ वर येतील, आणि स्वतः ३७.५ वर जाईल. मग अग्रणीने ४१.२५ करावे, आणि असे घसरत दोघे ४०-४० वर पोहोचतात. म्हणून आधी बोलण्याला किंमत नाही; बोललेले मागे घेता न येण्याला आहे. अग्रणी जास्त हुशार, मोठा किंवा माहीतगार असल्याचे आपण कुठेही धरलेले नाही.

प्रत्यक्षात हे बंधन बहुधा कारखान्याच्या क्षमतेतून येते, कारण उभी केलेली यंत्रे सहजी विकून टाकता येत नाहीत. मुंबईत जन्मलेले आणि तिथेच सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी १९८० मध्ये दाखवले की आधी केलेली, परत न मिळणारी गुंतवणूक अशा बंधनाचे काम करू शकते: क्षमता उभारण्याचा खर्च होऊन गेला की पुढच्या प्रत्येक नगाचा खर्च कमी उरतो, आणि जास्त उत्पादनाचे बोलणे खरे वाटू लागते. याच काळातले वास्तवातले उदाहरण टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचे आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने स्वस्त पडणाऱ्या आपल्या प्रक्रियेच्या बळावर मोठी क्षमतावाढ हाती घेतली. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७८ मध्ये यावर तक्रार दाखल केली आणि १९८० मध्ये ती फेटाळली. त्या बाजारात विक्रेते दोनच नव्हते आणि मागणीही आपल्या रेषेसारखी सरळ नव्हती, पण आधी उभ्या केलेल्या क्षमतेमुळे इतरांनी विस्तार आवरता घेणे म्हणजे काय, हे तिथे दिसते.

खर्च वेगवेगळे असतील तेव्हाचा सापळा

शेवटी असे एक उदाहरण, ज्यात वरच्या पायऱ्या डोळे मिटून केल्यास उत्तर चुकते. समजा अनुगामीचे पाणी डोंगरापलीकडून आणावे लागते आणि त्याला पेटीमागे ५० फ्रँक खर्च येतो. अग्रणीचा खर्च शून्यच आहे. अनुगामीचा नफा आता q2 × (70 - q1 - q2) झाला, म्हणून त्याचे फलन:

```
q2 = 35 - q1/2
```

हे अग्रणीच्या नफ्यात ठेवले की q1 × (85 - q1/2) मिळते, आणि नेहमीच्या रीतीने उत्तर ८५ पेट्या येते. आता अनुगामीच्या फलनात ८५ घालून पाहावे: उणे साडेसात पेट्या. उणे पेट्या कोणी आणत नाही, तेव्हा येथेच थांबून मागे वळले पाहिजे. चूक आकडेमोडीत नसून फलनाच्या लिहिण्यात आहे. अनुगामीची खरी यादी अशी आहे की q1 ७० पर्यंत असेल तर 35 - q1/2, आणि ७० किंवा त्याहून जास्त असेल तर शून्य.

म्हणून अग्रणीचा प्रश्न दोन तुकड्यांत पाहावा. ७० पर्यंत त्याचा नफा q1 × (85 - q1/2) असून तो वाढतच जातो, कारण त्याचे शिखर ८५ वर, म्हणजे या तुकड्याच्या पलीकडे आहे. ७० च्या पुढे बाजारात तो एकटाच उरतो, त्याचा नफा q1 × (120 - q1) असतो, आणि त्याचे शिखर ६० वर मागे राहून गेल्यामुळे तो उतरत जातो. दोन्ही तुकडे जिथे जुळतात तिथेच, म्हणजे ७० पेट्यांवर, नफा सर्वाधिक आहे: किंमत ५० फ्रँक आणि नफा ३५०० फ्रँक. किंमत अनुगामीच्या खर्चाला बरोबर टेकली आहे आणि त्याला एकही पेटी आणणे परवडत नाही.

याच खर्चांनी दोघांनी एकाच वेळी आकडा ठरवला असता तर पहिल्याचे 60 - q2/2 आणि दुसऱ्याचे 35 - q1/2 एकत्र सोडवून पहिल्याला सुमारे ५६.७ आणि दुसऱ्याला सुमारे ६.७ पेट्या आल्या असत्या. डोंगरापलीकडचा झरा तेव्हा कसाबसा चालला असता. आकडा आधी पाहायला मिळाल्यावर तो बंद पडतो.